अंडं न शिवलेल्या काकांचं कोलेस्ट्रॉल

नमस्कार मंडळी. मी लातूरला कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो, पण आजची गोष्ट वर्गातली नाही, गल्लीतली आहे. आमच्या शेजारी एक माळकरी काका राहतात, आषाढीची वारी कधी चुकवत नाहीत. परवा ब्लड रिपोर्ट घेऊन आले, टोटल कोलेस्ट्रॉल 262. कागद माझ्यापुढं ठेवला आन म्हणाले, "सर, आयुष्यात अंडं कवा शिवलं नाही, मटन तर लांबच, मग हे कोलेस्ट्रॉल माझ्यात यायलंय तरी कुठून?"

मी म्हणलं, काका, ते बाहेरून यायचं कामच नाही, ते घरीच तयार होतंय.

आता बघा, आपल्या अंगात दिवसाला अंदाजे 800 मिलिग्रॅम ते एक ग्रॅम कोलेस्ट्रॉल तयार होतं, जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, पण रक्तातल्या कोलेस्ट्रॉलचा मेन हिशोब सांभाळणारं म्हणजे यकृत, आपलं लिव्हर. कच्चा माल काय, तर ज्वारीची भाकरी, साखर, तेल जाळताना पेशीत दोन कार्बनचा एक बारका तुकडा निघतो, तेच तुकडे जोडत जोडत 27 कार्बनचं कोलेस्ट्रॉल उभं राहतं. म्हणजे माळकऱ्याच्या भाकरीतूनसुद्धा बनतं, त्याला अंडं लागत नाही. ह्या जोडकामात सुरुवातीलाच एक एन्झाइम बसलेलंय, एचएमजी-कोए रिडक्टेज, नाव अवघडंय पण ते म्हणजे कारखान्याची मोटर समजा, ती जेवढी फिरंल तेवढा माल.

ही मोटर चालू-बंद कोण करतं? आपल्याकडं उन्हाळ्यात घरचा बोअरही असतो आन टँकरही येतो, टँकरनं टाकी भरली की आपण बोअरची मोटर बंद करतो, बरोबर? लिव्हरचं तसंच आहे. जेवणातून कोलेस्ट्रॉल आलं, पेशीतली टाकी भरली, की नवीन एन्झाइम बनवायचा हुकूमच थांबतो आन मोटर मंदावते. हे गणित ब्राऊन आणि गोल्डस्टीन ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी उलगडलं, 1985 ला त्यांना नोबेल मिळालं.

बरं, टँकरमधलं सगळं पाणी टाकीत पडतंच असंही नाही. एका अंड्याच्या बलकात साधारण 200 मिलिग्रॅम कोलेस्ट्रॉल असतं, त्यातलं सरासरी निम्मंच आतड्यातून आत जातं, उरलेलं संडासवाटे बाहेर. आन गंमत म्हणजे लिव्हर स्वतःच पित्तातून रोज एक ग्रॅमच्या आसपास कोलेस्ट्रॉल आतड्यात ओततं, म्हणजे आतड्यात जे असतं त्यातलं बरंचसं ताटातलं नसतंच, आपलंच परत आलेलं असतं.

ह्याचा टोकाचा नमुना 1991 ला अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. 88 वर्षांचे एक आजोबा, रोज जवळपास 25 अंडी खायचे, तेही कमीत कमी 15 वर्षं! तरी रक्तातलं कोलेस्ट्रॉल 200 च्या आसपास. तपासलं तर आतडं फक्त 18 टक्के आत घेत होतं, आन लिव्हर नेहमीच्या दुप्पट पित्ताम्ल बनवून कोलेस्ट्रॉल खपवत होतं. हिशोब करा, 25 अंडी म्हणजे पाच ग्रॅम, त्यातलं आत गेलं फक्त 900 मिलिग्रॅम. पण आजोबा एकटेच, त्यांचं बघून कुणी ट्रे आणू नका, काहींचं आतडं जास्त ओढतं आन त्यांचा आकडा अंड्यानंही चांगला वाढतो.

मग आपल्यासारख्यांना जेवणातल्या कोलेस्ट्रॉलनं थोडाफार फरक तरी का पडतो? कारण टाकी भरली की लिव्हर नुसती मोटर मंदावत नाही, रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्ट्रॉल वाहून नेणारे कण, आत घ्यायची जी दारं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना, तीही कमी करतं. दारं कमी, म्हणून एलडीएल रक्तात फिरत राहतं. आन ही दारं कमी करण्यात तूप, डालडा, साय ह्यातलं सॅच्युरेटेड फॅट अंड्यातल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा जास्त पटाईत आहे. काकांच्या पुरणपोळीवर तुपाची वाटी पालथी होते हे मला माहितीय, मी स्वतः जेवलोय तिथं. तेलाच्या पुड्यावर कोलेस्ट्रॉल-फ्री लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, करडई काय नि शेंगदाणा काय, झाडाच्या तेलात ते नावापुरतंच असतं.

अर्थात सगळंच तुपावर ढकलता येत नाही. काहींना जन्मापासूनच दारं कमी मिळतात, बापाचं, भावाचं कमी वयात हार्ट गेलं असंल तर ते डॉक्टरला आधी सांगायचं. थायरॉईड कमी असलं तरी दारं घटतात, म्हणून डॉक्टर ती टेस्ट करायला सांगतात.

काकांना डॉक्टरनं स्टॅटिन दिली. ती गोळी नेमकी त्या मोटरलाच अडवते. घरचा माल कमी पडला की लिव्हर दारं वाढवतं आन रक्तातलं एलडीएल ओढून घेतं, म्हणून रिपोर्ट उतरतो. काकांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ गप्प बसले आन म्हणाले, "म्हणजे सर, एकादशीला काहीच नाही खाल्लं तरी लिव्हर उपास धरत नाही म्हणा की." मी म्हणलं, नाही काका, त्याची एकादशी ह्या गोळीनंच होते.