कबड्डी संघाची संलग्नता

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावात कबड्डीचे मंडळ आहे, असे समजा. धर्मादाय कार्यालयात त्याची नोंदणी झालेली आहे आणि यात्रेतल्या बक्षिसी स्पर्धांचे दहा-बारा चषकही कपाटात आहेत. तरीही जिल्हा निवड चाचणीला संघ गेला की नावनोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, ‘यंदाची संलग्नता आहे का?’ धर्मादाय कार्यालयाचे नोंदणीपत्र पुढे केले, तर ते परत मिळते. नोंदणीमुळे मंडळाला कायद्याने संस्था म्हणून अस्तित्व मिळते. ते खेळाच्या अधिकृत रचनेत आहे की नाही, हे संलग्नता सांगते. आपल्याकडे बहुतेक मंडळांची गल्लत नेमकी इथेच होते.

ही रचना साखळीसारखी आहे. मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न असते, जिल्हा संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाशी. महासंघाला केंद्रीय पातळीवरची शासकीय मान्यता लागते. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत गावाचा संघ उतरत नाही, जिल्ह्याचा उतरतो आणि त्याचे खेळाडू संलग्न मंडळांच्या चाचणीतून निवडले जातात. त्यामुळे आमच्या मंडळातील एखादा पोरगा कितीही चपळ चढाई करीत असला, तरी मंडळ साखळीबाहेर असेल तर निवड समितीसमोर येण्याची त्याची वाटच बंद होते.

संलग्नतेसाठी साधारणपणे अर्ज, नोंदणीपत्राची प्रत, घटना, कार्यकारिणीची यादी, शुल्क आणि जन्मतारखेच्या पुराव्यासह खेळाडूंची नोंद लागते. संलग्नतेचे नूतनीकरण मुदतीत करावे लागते आणि चूक बहुधा इथेच होते. मुदत टळल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही आणि चाचणीच्या दिवशी सचिव धावपळ करतो. शिवाय एका मंडळाकडून नोंदलेला खेळाडू त्याच हंगामात दुसऱ्या मंडळाकडून उतरवायचा असेल, तर आधी ना-हरकत पत्र आणि बदलीची नोंद पाहावी लागते.

याचा परिणाम पुढे प्रमाणपत्रावर होतो. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. स्पर्धा कोणी घेतली आणि त्या संघटनेला मान्यता होती का, हे तिथे तपासले जाते. यात्रेतल्या स्पर्धेचे कितीही सुबक छापलेले प्रमाणपत्र या तपासणीत उपयोगी पडत नाही. आमच्या भागातील पुष्कळ मुले पोलीस भरतीची तयारी करतात; त्यांनी मैदानावर घाम गाळण्याआधी एवढे विचारून घ्यावे.

एकाच खेळाच्या दोन जिल्हा संघटना समोर आल्या, तर भुलू नका. शिक्का आणि लेटरहेड दोघांकडेही असते. तेव्हा राज्य संघटनेने दिलेले चालू वर्षाचे संलग्नता पत्र मागा आणि राज्य संघटनेकडे पत्र लिहून त्याची खात्री करा. उत्तर लेखी आल्यावरच शुल्क भरा आणि पावती मंडळाच्या नावाने घ्या.