प्रबळगडाच्या नकाशाला मार्क किती?

(वाशीला एका ट्रेकिंग ग्रुपच्या शनिवारच्या बैठकीत बोललो होतो, तेच थोडं साफसूफ करून इथे देतोय.)

मागे आवाज येतोय ना? बरं. हा जो कागद आत्ता तुमच्यात फिरतोय तो प्रबळगडाचा नकाशा आहे, कुणी छापलाय ते सांगत नाही, पोरांनी मेहनत केलीये आणि दिसायला झकास आहे. मी हाच घेऊन गेल्या जानेवारीत ठाकूरवाडीतून वर गेलो, प्रबळमाचीपर्यंत काही प्रॉब्लेम नाही, पुढे मात्र वाट सोडून एक शॉर्टकट दिसला म्हणून घुसलो आणि थेट कातळाखाली जाऊन उभा राहिलो. नकाशात तिथे छान सौम्य उतार होता! घरी येऊन मग मी या कागदाची पूर्ण तपासणी केली, तीच आज तुमच्यासमोर करतो.

आधी सोपं. स्केल. वर कोपऱ्यात लिहिलंय १:२५,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर २५० मीटर, १ किलोमीटरला ४ सेंटीमीटर. पट्टी आहे का कुणाकडे? काकू, तुम्ही जरा खालचा तो काळा-पांढरा स्केल बार मोजा बघू, ज्याच्यावर १ किमी लिहिलंय. किती? दोन पॉइंट आठ. हां! कारण मूळ नकाशा ए-थ्रीवर होता आणि तुमच्या हातात आहे तो ए-फोरवर झेरॉक्स मारलेला. कागद लहान झाला, बारही त्याच्याबरोबर लहान झाला, म्हणून बार अजूनही खरं बोलतोय. तो १:२५,००० चा आकडा बिचारा होता तिथेच राहिला, खरं स्केल आता साधारण १:३५,००० आहे. दोरा टाकून वाट १० सेंटीमीटर भरली तर आकड्याने अडीच किलोमीटर, बारने साडेतीन. व्हॉट्सॅपवर आलेल्या फोटोत तर प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळं स्केल, तिथे आकड्याला काहीच अर्थ नाही. म्हणून बार असला की निम्मे मार्क. निम्मेच का, तर या बारवर १ किलोमीटरच्या आत एकही भाग पाडलेला नाही आणि डोंगरात आपल्याला विचारायचं असतं "टाकं अजून २०० मीटर का ५००". डावीकडे १००-१०० मीटरचे तुकडे पाडायला काय जातं?

आता माझ्या शॉर्टकटकडे येतो, यातच सगळा वेळ जाणार आहे, पाणी प्यायचं तर पिऊन घ्या.

कंटूर म्हणजे एकाच उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा हे सगळ्यांना माहितीये. या नकाशात दर २० मीटरला एक रेषा आहे, सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवरही साधारण तेवढंच अंतर असतं, त्यात वावगं काही नाही. गडबड पुढची आहे. या रेषा फुकट मिळणाऱ्या सॅटेलाइट डेटावरून काढल्यात, त्यात दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा असतो. आपला सह्याद्री कसा आहे, बेसॉल्टच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. कडा, मग माची, मग परत कडा. उभी भिंत ३० मीटरच्या दोन ठिपक्यांमध्ये आली की तिचा अर्धा उभेपणा तिथेच जातो. आणि वर रेषा ओबडधोबड दिसतात म्हणून या लोकांनी सॉफ्टवेअरमध्ये त्या "स्मूद" केल्या. एकदा नाही, बघून वाटतंय दोन-तीनदा तरी.

हिशोब करून बघू. समजा १०० मीटरचा कडा आहे. खरं तर पाच रेषा एकमेकींना चिकटून जवळजवळ एकच जाड रेघ व्हायला पाहिजे. मूळ ए-थ्रीवर मी मोजलं तर त्या पाच रेषा ८ मिलीमीटरमध्ये ऐसपैस पसरल्यात. ८ मिलीमीटर म्हणजे २०० मीटर. २०० मीटर आडवं जाऊन १०० मीटर चढ, म्हणजे २६-२७ अंशांचा उतार, दम लागेल पण आरामात चालत जाल. जमिनीवर तिथे भिंत आहे. मी अगदी तिथेच उभा होतो!

याच्या उलटंही होतं. प्रबळमाचीवरून गडावर जायची खरी वाट नाळेतून आहे. नाळ अरुंद, आणि स्मूद करताना सगळ्यात आधी मरतं ते असं अरुंद काहीतरी. म्हणजे जिथून जाता येत नाही तिथे रस्ता दिसतो आणि जिथून जातात ती नाळच दिसत नाही, वाटेची लाल रेघ सपाट पोटावरून आपली सरळ वर चढलीये.

हे घरबसल्या कसं ओळखायचं? ओढ्याची निळी रेष पकडा आणि ती प्रत्येक कंटूरला कुठे कापते ते बघा. दरीत कंटूरचा व्ही आकार होतो आणि त्याचं टोक चढाच्या बाजूला असतं, ओढा बरोब्बर त्या टोकातून गेला पाहिजे. या नकाशात तीन ठिकाणी ओढा टोक सोडून बाजूच्या उतारावरून वाहतोय, पाणी असं कडेकडेने कधी जाईल का हो? याचा अर्थ ओढे एकीकडून घेतले, कंटूर दुसरीकडून, आणि कंटूर एकट्यालाच गुळगुळीत केलं. हे एकदा दिसलं की मी त्या नकाशावर कड्याच्या आसपास भरवसा ठेवत नाही. दुसरं, पायथ्याहून काढलेला गडाचा फोटो शेजारी ठेवा, फोटोत काळी भिंत आणि नकाशात मोकळ्या रेषा असतील तर संपलं.

एका मुलाने चहाच्या वेळी विचारलं, मग सिम्प्लिफाय करायचंच नाही का? करायचं ना, नाहीतर नुसती जाळी होते, वाट दिसणार नाही. पण पठारावर आणि पायथ्याला करा, नाळ आणि खिंडीला हात लावू नका, आणि कड्याला कंटूरच्या भरवशावर न सोडता वेगळी दातेरी रेघ मारा. ती डेटातून येणार नाही, कुणीतरी जाऊन बघून काढावी लागते.

रंगांचं पटकन सांगतो. यात सखल भाग हिरवा, उंच भाग तपकिरी. टोपोशीट बघणारा माणूस हिरवं म्हणजे झाडी असंच वाचतो. त्यामुळे झालंय काय की खालची शेतं जंगल वाटतात आणि गडमाथा उजाड वाटतो, आणि प्रबळच्या माथ्यावर दाट रान आहे, तिथे माणसं भरकटतात! शिवाय हिरव्यावर लाल वाट, काही पुरुषांना लाल-हिरवा फरकच कळत नाही, त्यांना ती रेघ गायब. तुमच्या हातातल्या झेरॉक्समध्येही ती गायबच आहे, बघा.

लेजंडमध्ये बावीस खुणा आहेत, मी मोजल्या, नकाशात वापरल्यात चौदा. पण खरा राग त्याचा नाही. तुटक रेघ म्हणजे पायवाट आणि तसलीच तुटक रेघ म्हणजे वनखात्याची हद्द, फरक फक्त रंगाचा, आणि रंग झेरॉक्समध्ये गेला. पाण्याचा निळा थेंबही सगळीकडे एकच, बारमाही टाकं असो की मार्चमध्ये आटणारा झरा. माझी टेस्ट साधी आहे, लेजंड हाताने झाका आणि कधी ट्रेकला न गेलेल्या माणसाला विचारा हे काय असेल. माझ्या बहिणीने त्या हद्दीवरून बोट फिरवत मला गडाला पूर्ण चक्कर मारून आणली.

आणि हो, पहाटे निघणार असाल तर हेडटॉर्चचा लाल लाइट लावून नकाशा एकदा घरीच बघा. लाल उजेडात पांढऱ्या कागदावरची लाल वाट पुसली जाते, तपकिरी कंटूरही फिके पडतात. वाट काळ्या जाड रेघेत आणि तिला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार असेल तर झेरॉक्स, लाल टॉर्च, हिरवं रान, तिन्हीतून वाचते. ते कागद जाताना परत द्या, माझ्याकडे तेवढेच आहेत.