वाजतोय म्हणून घातले! आपोआप थांबणारा औषधाचा रिमाइंडर

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब लिहून दिले, आणि मी शहाणपणा करून तिच्या मोबाइलमध्ये चार अलार्म लावून दिले. दीड महिन्याने गेलो, तर बाई अजून दिवसातून चार वेळा थेंब घालतेय. बाटली संपली तर मेडिकलमधून नवी आणली! म्हटलं, "मावशी, हे तर महिन्याभराचेच होते." तर म्हणते, "अरे, वाजतोय म्हणजे घालायचे असतील ना!"

चूक माझी. घड्याळातल्या अलार्मला वार कळतात, शेवटचा दिवस कळत नाही. सोमवार ते रविवार टिक केलं की तो जन्मभर वाजणार. आणि स्टेरॉइडचे थेंब गरजेपेक्षा जास्त दिवस घातले, तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढलेला आपल्याला सहसा जाणवत नाही, तपासणीतच कळतो. मावशीला दुसऱ्याच दिवशी तपासणीला नेलं. दाब ठीक निघाला, पण माझी झोप उडाली होती.

तर आज अलार्म नको, गूगल कॅलेंडर उघडा. नवीन इव्हेंट, वेळ टाका. मग `Does not repeat` वर बोट ठेवा, `Custom`, रोज एकदा, आणि खाली `Ends` मध्ये तीन पर्याय दिसतील: `Never`, `On` म्हणजे अमुक तारखेला, आणि `After` म्हणजे इतक्या वेळा झाल्यावर. आपल्याला हा तिसरा हवाय. का, ते आधी गोळ्यांवर बघू.

समजा अँटिबायोटिक पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे गोळ्या 10. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यातून आलात आणि रात्री 9 ला पहिली गोळी घेतली. आता बोटं मोजून मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि असं म्हणत शनिवारची तारीख टाकली, तर मंगळवारची सकाळ आधीच गेलेली असते. मोबाइल नऊच गोळ्यांना वाजतो आणि एक पट्टीत उरते. त्याऐवजी दोन इव्हेंट करा. रात्री 9 चा मंगळवारपासून, `After` 5. सकाळी 9 चा बुधवारपासून, तोही `After` 5. शेवटची गोळी रविवारी सकाळी, हिशेब बरोबर 10.

आता मावशीचे थेंब, कारण खरी गंमत तिथेच आहे. तिच्या चिठ्ठीवर होतं: पहिला आठवडा दिवसातून चार वेळा, दुसरा तीन, तिसरा दोन, चौथा एकदा. स्टेरॉइड असं हळूहळू कमी करतात, कारण एकदम बंद केलं तर डोळ्याची सूज परत उलटू शकते. बहुतेक जण इथे दर आठवड्याला रिमाइंडर बदलत बसतात, आणि दुसऱ्या आठवड्यात विसरतात. त्याची गरजच नाही. आठवड्यांऐवजी वेळांकडे बघा. चारही इव्हेंट एकाच सकाळी सुरू करा, फक्त आकडे वेगळे:

सकाळी 8 चा, `After` 28.
रात्री 8 चा, `After` 21.
दुपारी 12 चा, `After` 14.
दुपारी 4 चा, `After` 7.

आठव्या दिवशी चारचा आपोआप गप्प होतो. पंधराव्या दिवशी बाराचा. मग सकाळ-रात्र उरते, आणि शेवटचा आठवडा नुसती सकाळ. एकदाच लावलं, एकोणतिसाव्या दिवशी सगळं शांत. तुमची चिठ्ठी वेगळी असेल तर आकडे तिच्यावरचेच घ्या, माझे नाहीत.

दोन भानगडी सांगतो. एक, कॅलेंडर बऱ्याचदा अर्धा तास आधी कळवतं. ते बदलून ऐन वेळेवर आणा, नाहीतर "अजून वेळ आहे" म्हणत राहून जातं. शिवाय ते अलार्मसारखं वाजत राहत नाही, एकदा टिंग करतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तोच इव्हेंट घरातल्या आणखी कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा.

दुसरी मोठी. हे मोजतं ते वाजणं, तुमचं औषध घेणं नाही. गोळी चुकली तरी आकडा पुढे सरकतो. त्यामुळे रविवारी रिमाइंडर थांबला की पट्टी बघा. ती रिकामी असेल तर झालं. दोन उरल्या असतील तर दोन वेळा चुकलंय. त्या एकदम गिळू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. थेंबांची मात्र पट्टी नसते, बाटली हलवून काही कळत नाही. म्हणून मावशीकडे आता कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा असतात. मोबाइल वाजला, थेंब गेला, एक रेघ. चारचा बंद झाला त्या दिवशी तिने मला फोन केला होता, "अरे, तुझा मोबाइल बिघडला."