टाकी भरली, पंप बंद करा!

(पडद्यावर: निळा ड्रम, झाकणात डोळ्यांसारखा सेन्सर.)

कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये पहिलं आलेलं यंत्र ते हेच. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी भरत आली की खाली पंपाशी वर्दी द्यायची, एवढंच त्याचं काम. चौघांचंही मनापासून अभिनंदन! नावं पडद्यावर आहेतच. पण बक्षीस घेताना “सगळ्यांनी मिळून केलं” एवढंच बोलून तुम्ही मोकळे झालात, म्हणून कोणी काय केलं ते आता आम्हीच सांगतो.

इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी-३२ बोर्डाच्या पिनला मात्र ३.३ व्होल्टच झेपतात. तिनं मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवलं. नसतं उतरवलं, तर ऐन परीक्षणात बोर्ड दगा देण्याची भीती होती.

(पडद्यावर: लॅपटॉपवर धावणारे आकडे.)

कोड लिहिणारा. सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो. जाऊन यायला २.९ मिलिसेकंद लागले, तर पाणी साधारण ५० सेंटीमीटर खाली. हिशेब सोपा, पण पाणी पडत असताना लाटा उठतात आणि मधूनच भलताच आकडा येतो. हे पाहा: ५०, ५१, ११८, ५०, ४९. ड्रमच मुळी ९० सेंटीमीटर उंच, मग ११८ आले कुठून? सरासरी काढली असती तर उत्तर ६३.६ आलं असतं. यानं आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलला: ५०. परीक्षकांनी मुद्दाम ड्रममध्ये बादली ओतली, तरी दिवा फसला नाही.

मेकॅनिकलचा गडी. सेन्सर आधी झाकणाच्या कडेला होता, आणि आवाज ड्रमच्या भिंतीवरूनच परत यायचा. पाणी वाढलं तरी आकडा जागचा हलेना, तेव्हा याला शंका आली. त्यानं झाकणाच्या मध्यावर नवं भोक पाडलं.

आणि चौथी, जिनं कोडची एक ओळही लिहिली नाही. ती पंपवाल्या काकांशी बोलून आली. काकांचा फोन साधा, बटणांचा. झालं, मोबाइल ॲपचा बेत रद्द! त्याऐवजी पंपाच्या स्विचशेजारी लाल दिवा आणि बझर. आमच्या मते स्पर्धा इथेच जिंकली गेली.

(पडद्यावर: गच्चीवरची खरी टाकी.)

आता पुढचं काम. हा सेन्सर उघडा आहे. बंद टाकीतल्या दमटपणात तो फार काळ टिकणार नाही. वॉटरप्रूफ सेन्सर मिळतो, पण त्याला साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं नीट मोजता येत नाही, आणि भरत आलेल्या टाकीत पाणी नेमकं तिथेच असतं. म्हणून तो झाकणाच्या वर, उंच नळीवर बसवावा लागेल. मेकॅनिकलवाल्यानं नळी शोधायला घेतली आहे.