‘गॅस धरूनच की ओ’: एसीच्या वार्षिक करारात काय लिहायचं

(शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथे दुरुस्ती व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण एसी, फ्रीज दुरुस्त करणारे आहेत, काही जण पाण्याच्या टाक्या आणि सोफे साफ करणारे आहेत. मी एसीचं काम करतो, म्हणून एसीचंच बोलेन. वार्षिक करार, म्हणजे ज्याला आपण एएमसी म्हणतो, तो जुन्या गिऱ्हाइकाला कसा द्यायचा आणि त्यात काय लिहायचं, एवढाच आजचा विषय आहे.

माझ्या पहिल्या करारावर एकच ओळ होती: ‘वर्षभर सर्व सर्व्हिस समाविष्ट.’ गिऱ्हाईक ओळखीचं, तीन एसी, दर ठरवला अंदाजाने. मे महिन्यात फोन आला, दोन मशीन गार करत नाहीत. गेलो तर दोन्हींत गॅस कमी. मी गॅसचे पैसे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर्व सर्व्हिस लिहिलंय की दादा, मग गॅस धरूनच की ओ.” त्यांचं चुकलं नव्हतं. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ मी माझ्या मनात एक धरला होता, त्यांनी त्यांच्या मनात दुसरा. गॅस मी पदरचा भरला आणि त्या वर्षी त्या करारात मला तोटा झाला. तेव्हापासून करारात ‘सर्व’, ‘संपूर्ण’, ‘आवश्यक ते’ हे शब्द मी लिहीत नाही.

आधी करार द्यायचा कुणाला ते बघू. माझा नियम साधा आहे: ज्याने गेल्या दोन वर्षांत निदान तीनदा आपल्याला बोलावलं आणि बिल वेळेवर दिलं, त्यालाच. नव्या माणसाचं मशीन कसं वापरलं जातं, व्होल्टेज कसं आहे, स्टॅबिलायझर आहे का, हे आपल्याला माहीत नसतं. जुन्या गिऱ्हाइकाचा सगळा इतिहास आपल्या बिलबुकात असतो. कराराचा दर त्या बिलबुकातूनच काढायचा, शेजारच्या दुकानाचा बोर्ड बघून काढायचा नाही.

एक उदाहरण घेऊ. राजारामपुरीत एक कापडाचं दुकान आहे, नाव सांगत नाही. दीड टनाचे चार स्प्लिट एसी. आदल्या वर्षीची त्यांची बिलं मी काढली. मार्चमध्ये चारही मशीनची जेट सर्व्हिस, प्रत्येकी ६०० रुपयांनी २४००. मे-जूनमध्ये तीन तक्रारींचे फेरे, ३५० रुपयांनी १०५०. नोव्हेंबरमध्ये दोनच मशीनची सर्व्हिस, १२००. शिवाय एक कॅपॅसिटर ४५०, आणि एका मशीनचा गॅस २८००. एकूण ७९००. त्यात नुसती मजुरी किती? ४६५०. बाकी ३२५० सुट्या भागांचे आणि गॅसचे. या दोन रकमा वेगळ्या काढल्याशिवाय कराराला हात घालू नका. मजुरीचा अंदाज बांधता येतो, भागांचा येत नाही.

मग करारात काय द्यायचं ते ठरवलं. वर्षाला प्रत्येक मशीनच्या दोन जेट सर्व्हिस, मध्ये एकदा नुसती फिल्टर आणि ड्रेन पाइपची सफाई, आणि बिघाड झाला तर येण्याची मजुरी. माझा खर्च असा: कारागीर आणि मदतनीस मिळून दिवसाला १४०० पडतात. चार मशीनच्या जेट सर्व्हिसला, जाणं-येणं धरून, त्यांचा दिवस जातो. केमिकल आणि पेट्रोलचे १५० धरले, म्हणजे एका वेळचे १५५० आणि दोन वेळचे ३१००. फिल्टर सफाईला एकट्या माणसाचा अर्धा दिवस, ५००. बिघाडाचे फेरे आदल्या वर्षी तीन झाले होते, मी चार धरले, खर्चाने २५० प्रमाणे १०००. एकूण ४६००. करार दिला ६४०० ला, म्हणजे मशीनमागे १६००. हीच कामं सुटी केली असती तर? आठ जेट सर्व्हिसचे ४८००, चार मशीनच्या फिल्टर सफाईचे २५० प्रमाणे १०००, चार फेऱ्यांचे १४००. एकूण ७२०० झाले असते. त्यांचे ८०० वाचले, माझे १८०० राहिले. हा हिशेब मी त्यांच्यासमोर, त्यांचीच जुनी बिलं टेबलावर ठेवून केला. सवलत कुठून आली ते त्यांना दिसलं, म्हणून घासाघीस झाली नाही.

आता तुम्ही विचाराल, भागांसकट करार का नाही द्यायचा? मोठ्या कंपन्या देतात. त्यांच्याकडे हजारो मशीन असतात, त्यातल्या काहींचे पीसीबी गेले तरी बाकीच्यांच्या पैशात ते भरून निघतं. आपल्याकडे तीस-चाळीस करार. आपल्याकडे वीज वरखाली झाली आणि एक पीसीबी सहा हजारांचा गेला, की वरच्यासारख्या तीन दुकानांची वर्षाची कमाई साफ. आपल्या आकाराच्या दुकानाने मजुरीचाच करार द्यावा, असं माझं ठाम मत आहे. भाग बदलावे लागले तर आधी दर सांगून, संमती घेऊन, आणि जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात देऊन.

आता गॅस. भांडणं होतात ती इथेच, म्हणून इथे थोडा वेळ देतो.

गिऱ्हाइकाला वाटतं गॅस पेट्रोलसारखा संपतो. तसं नसतं. तांब्याच्या नळ्यांचं ते बंद चक्र आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न काढता नुसता गॅस भरला तर दोन-चार महिन्यांनी तोच फोन येणार, आणि कराराच्या गिऱ्हाइकाकडे तो फेरा फुकट करावा लागणार. म्हणजे चुकीच्या कामाचा दंड आपल्यालाच. म्हणून माझ्या करारात गॅसचं कलम तीन वाक्यांत आहे आणि ती साध्या मराठीत आहेत. गळती शोधायची मजुरी करारात धरलेली आहे. गॅस, आणि सांधा जोडण्याचं सामान, यांचे पैसे वेगळे, दर मागच्या पानावर लिहिलेला. जो सांधा आम्ही जोडला तोच ९० दिवसांत पुन्हा गळला तर गॅससकट दुरुस्ती आमच्या खर्चाने.

तिसरं वाक्य लिहायला धाडस लागतं, पण काम नीट केलं तर त्याची भीती नाही. नीट म्हणजे नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने फ्लेअर नट आणि सांधे तपासायचे, मग व्हॅक्यूम पंप लावायचा, आणि गॅस मशीनच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका काट्यावर मोजून भरायचा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. म्हणून सिस्टीममधला गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही, ही गोष्ट आपल्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगा. गळती कॉइलमध्येच असेल तर ती ‘सांधा’ या शब्दात बसत नाही, हेही करारात स्पष्ट लिहा. कॉइल बदलणं हा वेगळा आणि मोठा खर्च आहे.

करार करायच्या दिवशी मशीन तपासल्याशिवाय सही करू नका. मी क्लॅम्प मीटरने अँपिअर घेतो आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक मोजतो. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तो साधारण ८ ते १२ अंश असावा. कमी असेल तर आधी कारण शोधायचं, दुरुस्तीचं वेगळं बिल करायचं, आणि करार त्यानंतर सुरू. आउटडोअरचा फोटो आणि सीरियल नंबर कार्डावर घ्यायचा. राजारामपुरीच्या त्या दुकानात चौथ्या मशीनचा फरक जेमतेम ५ होता. फ्लेअर नट ओलसर तेलकट दिसत होता. ते काम करारापूर्वी झालं. तसं नसतं केलं, तर महिन्याभरात ‘करार केल्यावर मशीन बिघडलं’ असं झालं असतं.

किती वेळात येणार, हे कलमही जपून लिहा. ‘२४ तासांत’ असं लिहायला बरं वाटतं, पण एप्रिल-मे मध्ये फोन थांबत नाहीत. मी वर्षभरासाठी ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत’ आणि एप्रिल-मेसाठी ‘४८ तासांत’ असं लिहितो. रिमोटचा सेल, एमसीबी पडलेला, प्लग सैल, असल्या फेऱ्यांपैकी वर्षाला दोन माफ, तिसऱ्यापासून २०० रुपये. हे आधी लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक फोन करायच्या आधी स्वतः एमसीबी बघतं.

पुराचंही लिहा. २०१९ ला आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरचे आउटडोअर पाण्याखाली गेले. आता माझ्या करारात पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान बाहेर ठेवलंय. पण एक गोष्ट आम्ही देतो: राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढत असेल, तर सखल भागातल्या करारवाल्यांना फोन करून वीज तोडायला सांगतो. भिजलेलं मशीन तपासल्याशिवाय चालू करू नका, हेही त्याच फोनवर.

आता आपल्या बाजूची शिस्त. पैसे आगाऊ येतात आणि काम वर्षभर करायचं असतं. एका वर्षी मार्चमध्ये आलेली सगळी रक्कम मी हत्यारांत घातली, आणि ऑक्टोबरच्या सर्व्हिसला मजुरी द्यायला उसने घ्यावे लागले. आता निम्मे पैसे सुरुवातीला घेतो, निम्मे पहिली जेट सर्व्हिस झाल्यावर, आणि दुसऱ्या सर्व्हिसचे वेगळ्या खात्यात ठेवतो. जीएसटी नोंदणी असेल तर एक लक्षात ठेवा: सेवेचे पैसे आगाऊ घेतले की कर त्या वेळीच देय होतो, काम नंतर झालं तरी.

वेळापत्रकही असंच आपल्या हवामानाचं. पहिली जेट सर्व्हिस फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे उन्हाळ्याआधी. फिल्टर आणि ड्रेनची सफाई मेअखेर, कारण पाऊस सुरू झाला की ड्रेनमधला चिकट मळ फुगतो आणि पाणी भिंतीवर येतं. दुसरी जेट ऑक्टोबरमध्ये. करार विकायचा तो नोव्हेंबर ते जानेवारीत. मे महिन्यात घाम पुसत बोलावणारं गिऱ्हाईक लगेच सही करेल, पण तेव्हा तुमच्याकडे सर्व्हिसला माणूस नसतो आणि पहिलाच शब्द मोडतो. आपला माणूस रोज किती मशीन करतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये कामाचे दिवस किती, यांचा गुणाकार करायचा आणि त्याच्या पुढे एकही करार घ्यायचा नाही. सुट्या कामांसाठी मी त्यातला तिसरा हिस्सा मोकळा ठेवतो.

आणि आपली सर्व्हिस चुकली तर? माझ्या करारात मशीनमागे ४०० रुपये परत देतो, असं लिहिलंय. गिऱ्हाइकाने वेळच दिली नाही तर दोनदा निरोप, मग ३० दिवस वाट बघायची, नंतर ती सर्व्हिस बाद. दोन्ही बाजूंना सारखाच नियम.

वर्ष संपताना कार्ड घेऊन जायचं. त्या दुकानाचे यंदा फेरे पाच झाले, मी चार धरले होते. नफा अडीचशेने कमी झाला. चौथ्या मशीनचा पंखा आवाज करतोय, बेअरिंग जायला आलंय. मी त्यांना तसंच सांगितलं: “काका, तीन मशीनचा दर तोच. चौथ्याची मोटर आधी बदलून घेऊ, नाहीतर ते मशीन करारातून बाहेर ठेवू.” त्यांनी मोटर बदलून घेतली आणि चारही मशीनचा करार पुन्हा केला.