कैफियतीतील कलमांचे आकडे आणि दाव्यातील कलमांचे आकडे
(जळगाव येथे तरुण वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, कैफियतीत ‘कलम ६ मधील मजकूर खरा असून कबूल आहे’ असे आपण लिहितो, तेव्हा आपल्या मनात कोणते कलम ६ होते हे न्यायालय विचारीत नाही. ते दाव्यातील कलम ६ उघडते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे, जे विधान विशेषपणे किंवा ओघाने नाकारले नाही, ते कबूल केले असे धरले जाते. नाकारलेले वाक्य चुकीच्या क्रमांकावर जाऊन बसले, तर त्याचे जे योग्य कलम होते ते उत्तराविना राहते.

समजण्यासाठी एक उदाहरण रचून सांगतो. रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने केळीच्या व्यापाऱ्याविरुद्ध बाकी रकमेचा दावा लावला आहे आणि आपण व्यापाऱ्याचे वकील आहोत. दाव्याच्या कलम ३ मध्ये सौदा आहे, ४ मध्ये वजनाच्या पावत्यांसह माल दिल्याची हकीकत आहे आणि ५ मध्ये एकूण किंमत ३,९०,००० रुपये आहे. पुढच्या कलमात १,५०,००० रुपये पोहोचल्याचे लिहिले आहे; पण टंकलेखनाच्या चुकीने त्यालाही ५ हाच आकडा पडला आहे. मग ६ मध्ये २,४०,००० रुपये येणे बाकी असल्याचे आणि ७ मध्ये नोटीस मिळाल्याचे कथन आहे.

आपल्या अशिलाचे म्हणणे असे की दीड लाख दिले हे खरे, परंतु माल खराब निघाल्याने भाव उतरवून ठरला आणि काही देणे उरले नाही. कैफियत लिहिणाऱ्याने दाव्यावरील आकडे न पाहता कलमे मोजत उत्तरे दिली. त्यामुळे दुसऱ्या ‘५’ ला, म्हणजे दीड लाखाच्या कलमाला, दिलेली कबुली ‘कलम ६’ या नावाने छापली गेली, आणि बाकी नाकारणारे वाक्य ‘कलम ७’ वर गेले. कागदावर अर्थ असा झाला की व्यापाऱ्याला २,४०,००० रुपयांची बाकी कबूल आहे आणि नोटीस मात्र नाकबूल आहे. वादीचा वकील आदेश १२, नियम ६ खाली कबुलीवरून हुकूमनामा मागणारा अर्ज देईल, हे सांगायला नको.

आपण म्हणू की कैफियत एकत्र वाचावी, कारण पुढे आपली स्वतंत्र हकीकत आहे आणि तीत बाकी नाकारली आहे. हा युक्तिवाद टिकूही शकतो. पण एका आकड्यासाठी तो करावा लागणे हीच नामुष्की आहे. दुरुस्ती अर्जाला सुनावणी सुरू झाल्यावर आदेश ६, नियम १७ चे परंतुक आडवे येते. योग्य तत्परता दाखवूनही हे आधी लक्षात आले नसते, असे तेथे पटवावे लागते, आणि पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असलेल्या आकड्याबाबत ते पटवणे अवघड आहे.

मग तपासावे कसे? पुष्कळजण शेवटचा आकडा जुळतो का एवढेच पाहतात. आपल्या उदाहरणात ते पुरले असते, कारण दाव्यात अकरा कलमे असून शेवटचा आकडा १० आहे, तर कैफियतीत शेवटचे उत्तर कलम ११ ला आहे. परंतु लिहिणाऱ्याने पुढे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचे कलम चुकून गाळले असते, तर दोन चुका एकमेकींना झाकून शेवट जुळला असता आणि मधली कलमे सरकलेलीच राहिली असती. म्हणून मी दाव्याची प्रत समोर ठेवून प्रत्येक कलमाच्या समासात, त्याचे उत्तर कैफियतीच्या कोणत्या कलमात आहे तो आकडा पेन्सिलीने लिहितो. समास कोरा राहिला तर उत्तर नाही. दोन आकडे पडले तर दोन्ही उत्तरे परस्परविरोधी नाहीत ना, हे पाहावे लागते. त्यानंतर एक जण दाव्यातील रकमा व तारखा मोठ्याने वाचतो आणि दुसरा उत्तरात तीच रक्कम आहे का ते पाहतो. आकडा दुहेरी असेल, तर ‘कलम ५ (दुसरे), रु. १,५०,००० पोहोचल्याबाबत’ असे लिहावे. उत्तरात विषयाचे दोन शब्द असले की आकडा चुकला तरी वाक्याचा रोख कळतो. नुसत्या ‘मजकूर कबूल’ वर माझा विश्वास नाही.

कैफियतीच्या स्वतःच्या कलमांचे आकडे वेगळे असतात, हेही विसरू नये. शेवटच्या सत्यापनात ‘कलम १ ते १४ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा’ असे लिहिताना कैफियतीचेच आकडे घ्यायचे असतात, दाव्याचे नव्हेत.

दावा नंतर दुरुस्त झाला, तर ही सारी पेन्सिल पुसून पुन्हा लिहावी. नवे कलम ४(अ) म्हणून घातले असेल, तर जुने आकडे शाबूत राहतात आणि फक्त ४(अ) चे उत्तर द्यावे लागते. वादीने मात्र साफ प्रत नव्याने क्रमांकित करून दिली, तर जुन्या कैफियतीतील प्रत्येक ‘कलम’ नव्या प्रतीत कोठे गेले हे पाहून, वाढीव कैफियतीत मूळ कैफियतीचे आकडे दुरुस्तीपूर्वीच्या दाव्याचे आहेत असे पहिल्याच वाक्यात नमूद करावे.