एका घरात किती पीपीएफ?

श्रोतेहो, नमस्कार. आज पीपीएफ आणि सुकन्या खात्याच्या करसवलतीबद्दल बोलू. आधी खानापूर तालुक्यातल्या एका मास्तरांची गोष्ट ऐका.

मास्तरांचं स्वतःचं पीपीएफ पोस्टात. मुलाचं, म्हणजे अज्ञान मुलाचं, बँकेत, आणि त्यावर पालक म्हणून मास्तरच. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच्या खात्यात दीड लाख भरले. जूनमध्ये मुलाच्या खात्यात एक लाख भरले. दोन्हीकडे पावती मिळाली, कुणी अडवलं नाही. मास्तर खूश! पण नियम असा आहे की, स्वतःचं खातं आणि आपण पालक असलेलं मुलाचं खातं, दोन्ही मिळून वर्षाला दीड लाखच. पुन्हा सांगतो, दोन्ही मिळून दीड लाख. पुढे हे उघडकीला आलं तेव्हा वरचे एक लाख बिनव्याजी परत मिळाले. त्या लाखावर करवजावटही नाही. पावती मिळाली म्हणजे रक्कम नियमात बसली, असं नसतं हो.

मग मास्तरांनी काय करायला हवं होतं? तो लाख बाईंच्या, म्हणजे पत्नीच्या, स्वतःच्या पीपीएफमध्ये भरायचा. तिची दीड लाखाची मर्यादा वेगळी. पैसे नवऱ्याचे असले तरी हरकत नाही, कारण पीपीएफचं व्याज करमुक्तच असतं, त्यामुळे ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं तरी कर वाढत नाही. मात्र मुलाच्या खात्यावर पालक म्हणून पत्नीचं नाव असेल, तर ती रक्कम तिच्या मर्यादेत मोजली जाते. आणि एक सांगतो, घरातल्या बाईचं पासबुक तिच्याच हातात असावं, आणि काउंटरवरही तिनेच जावं. फॉर्म कन्नडमध्ये असला तर वाचून घेऊन मगच सही करावी.

मास्तरांना सात वर्षांची मुलगीही आहे. तिचं सुकन्या खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं. त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि ही मर्यादा पीपीएफपेक्षा वेगळी आहे. पण कलम ८०सीची वजावट? ती मास्तरांच्या नावावर पीपीएफ, सुकन्या, विमा सगळं धरून दीड लाखच, आणि तीही जुनी करपद्धत निवडली तरच. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. व्याज मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्त.

आता आजोबा. नातीच्या खात्यात त्यांनी पेन्शनमधून पैसे भरले, तर त्यांना वजावट मिळत नाही, कारण नात त्यांची मुलगी नव्हे. त्यांनी ती रक्कम मुलाला भेट द्यावी. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर नाही. मग मुलाने ती आपल्या खात्यातून नातीच्या सुकन्यात भरावी, म्हणजे दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मुलाला मिळेल.